नव्वद टक्क्यांच्या शेजारी तोट्याचे रुपयेही लिहा
ऑप्शन विकणाऱ्या किरकोळ व्यवहारदारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय प्रतिभूति आणि विनिमय मंडळ (सेबी), मुंबई

प्रत, कार्यवाहीसाठी: राष्ट्रीय शेअर बाजार, मुंबई शेअर बाजार, तसेच ऑप्शन व्यवहारांची सोय देणारे सर्व नोंदणीकृत ब्रोकर

विषय: ऑप्शन विक्रीच्या पडद्यावर दाखवली जाणारी 'नफ्याची शक्यता' आणि तिच्याआड राहणारा क्वचित होणाऱ्या तोट्याचा आकार

महोदय,

आम्ही निफ्टी आणि सेन्सेक्सचे ऑप्शन विकणाऱ्या साध्या व्यवहारदारांची संघटना आहोत. आमच्यात नोकरी सांभाळून व्यवहार करणारे आहेत, निवृत्तीच्या पैशावर महिन्याचा खर्च काढू पाहणारे आहेत आणि हाच पूर्णवेळ व्यवसाय केलेलेही आहेत. ऑप्शन विक्रीवर बंदी घाला, मार्जिन कमी करा किंवा झालेले तोटे भरून द्या, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे पडद्यावरच्या एका आकड्याविषयी आहे. त्या आकड्याला बाजारात 'पीओपी' म्हणतात, म्हणजे नफा होण्याची शक्यता.

1 जुलै 2023 पासून सेबीच्या आदेशानुसार ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये शिरताना एक सूचना दिसते: इक्विटी एफ अँड ओमध्ये दहापैकी नऊ वैयक्तिक व्यवहारदारांना निव्वळ तोटा होतो. ती वाचून बाजूला सारली आणि स्ट्रॅटेजीचे पान उघडून दूरचा एखादा पुट विकायला घेतला, की चार चौकटी समोर येतात. कमाल नफा, कमाल तोटा, ब्रेकइव्हन आणि पीओपी. पीओपीच्या चौकटीत हिरव्या अक्षरांत 90 टक्के. कमाल तोट्याच्या चौकटीत 'अमर्याद' हा शब्द, किंवा निफ्टी शून्यावर गेला तर होईल तेवढा, कुणीच मनावर न घेणारा आकडा. म्हणजे एक पान सांगते की दहापैकी नऊ जण हरतात आणि पुढचे पान सांगते की दहापैकी नऊ वेळा तुम्ही जिंकाल.

ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि आमची अडचण नेमकी इथेच आहे. पहिल्या विधानात विकत घेणारेही मोडतात, त्यामुळे ते सगळे विक्रेत्यांच्या माथी मारता येणार नाही. पण केवळ विक्री करणाऱ्याचेही असे होऊ शकते, आणि त्यासाठी कुणी फसवणूक करावी लागत नाही. नऊ विजय किती रुपयांचे आणि एक पराभव किती रुपयांचा, हे न विचारता फक्त विजय मोजले की पुरते.

हा आकडा येतो कुठून

पीओपी काढण्याच्या दोन रूढ रीती आहेत. पहिली डेल्टाची. निर्देशांक एक अंक हलला तर प्रीमियम किती हलेल, हे डेल्टा सांगतो. पण गणिताच्या योगायोगाने हा आकडा, एक्स्पायरीला ऑप्शन 'आत' संपण्याच्या शक्यतेच्या बराच जवळ असतो. म्हणून बाजारात एक सोयीचा नियम रुळला आहे: पुटचा डेल्टा 0.10 असेल तर तो बाद जाण्याची, म्हणजे विकणाऱ्याला पूर्ण प्रीमियम मिळण्याची शक्यता 1 वजा 0.10, म्हणजे 90 टक्के.

दुसरी रीत ब्रेकइव्हनची. विकणाऱ्याचा तोटा स्ट्राइकला सुरू होत नाही, तो स्ट्राइकमधून प्रीमियम वजा केल्यावर जो भाव येतो त्याच्याखाली सुरू होतो. म्हणून त्या भावाच्या वर एक्स्पायरी होण्याची शक्यता काढायची. ही रीत जास्त काटेकोर आहे. स्ट्रँगलसारख्या व्यवहारात दोन ब्रेकइव्हन असतात, तेव्हा त्यांच्या मधल्या पट्ट्यात निर्देशांक राहण्याची शक्यता काढतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. निफ्टी 25,000 वर आहे, एक्स्पायरीला सात दिवस आहेत, आणि ऑप्शनच्या भावात वार्षिक 14 टक्के चढ-उतार धरलेला आहे. व्याज सोडून देऊ. 24,400 च्या पुटचा भाव ब्लॅक-शोल्स सूत्राने सुमारे 24 अंक येतो आणि डेल्टा सुमारे 0.10. लॉट 65 चा धरला तर विकणाऱ्याच्या हाती 1,560 रुपये पडतात. डेल्टाने पीओपी 90 टक्के. ब्रेकइव्हन 24,376, त्या रीतीनेही पीओपी 90 टक्केच, फरक दशांशात. दोन रीतींत कोणती बरोबर, यावर शिकवणी वर्गांत तासन्‌तास चर्चा होते. आमच्या मते तो वाद गौण आहे, कारण जे कळायला हवे ते दोन्हींपैकी एकीलाही सांगता येत नाही.

ते असे. त्याच सूत्राला विचारले, की ज्या दहा टक्के वेळा तोटा होतो तेव्हा तो सरासरी किती होतो, तर उत्तर येते सुमारे 220 अंक. लॉटमागे 14,000 रुपयांहून जास्त. मिळकत 1,560 आणि तोटा 14,300. असे शंभर आठवडे मांडा: नव्वद आठवड्यांत प्रत्येकी 24 अंक मिळून साधारण 2,160 अंक आले, दहा आठवड्यांत प्रत्येकी 220 म्हणजे 2,200 अंक गेले. हाती जवळपास शून्य, आणि त्यातून दलाली, एसटीटी व इतर आकार वजा व्हायचेच आहेत.

हा बेरजेचा अपघात नाही. सूत्राने काढलेला भाव म्हणजेच सगळ्या शक्य निकालांची सरासरी. त्या भावाला विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हिशेब सूत्राच्या जगात शून्यावरच मिटतो. पीओपी 60 असो, 90 असो की 99, हिशेब शून्यच. म्हणजे नफा होईल की नाही याविषयी पीओपीतून काहीच कळत नाही. मिळकत किती लहान तुकड्यांत येईल आणि परतफेड किती मोठ्या घासात द्यावी लागेल, एवढेच त्यातून ठरते. विकणाऱ्याला खरा फायदा होतो तो ऑप्शनमध्ये धरलेला चढ-उतार पुढे प्रत्यक्षात झालेल्या चढ-उतारापेक्षा जास्त निघाला तर. असे पुष्कळदा निघते, म्हणूनच हा व्यवसाय निव्वळ जुगार नाही. पण तो फायदा बारीक असतो, आणि वाईट आठवडे हिशेबात धरूनच तो खरा की खोटा हे कळते. पीओपीच्या चौकटीत त्याचा मागमूस नसतो.

विमा कंपनीचे उदाहरण इथे चपखल आहे. कंपनी हप्ते गोळा करते, पण किती टक्के पॉलिसींवर दावा येणार नाही एवढ्यावर ती हप्ता ठरवत नाही. दावा आला तर किती रकमेचा येईल हे आधी पाहते. आम्ही विमाच विकतो. आम्हाला मात्र दाव्यांची संख्या दाखवतात आणि रक्कम झाकून ठेवतात.

शक्यता वाढली, आणि तोटाही

हा आकडा नुसता अपुरा असता तर आम्ही मागणीपत्र लिहिले नसते. तो चुकीच्या दिशेने नेतो, ही खरी तक्रार आहे.

वरच्याच उदाहरणात विक्रेता ठरवतो की 90 टक्के पुरेसे नाहीत. तो आणखी खाली जाऊन 23,900 चा पुट बघतो. पीओपी 99 टक्के. सूत्राने भाव येतो जेमतेम दीड-पावणेदोन अंक, म्हणजे लॉटला शंभर-सव्वाशे रुपये. एवढ्याने भागत नाही. आठवड्याला तेच 1,560 रुपये हवे असतील तर पंधरा लॉट विकावे लागतात. मार्जिन जास्त लागते, पण ज्याच्याकडे पडून असलेले शेअर गहाण ठेवायला आहेत त्याला ते जमते, आणि पडद्यावरचा आकडा 90 वरून 99 वर गेल्याने आपण अधिक सुरक्षित झालो असे त्याला मनापासून वाटते.

आता आठवड्यात निफ्टी 6 टक्के पडला आणि 23,500 वर एक्स्पायरी झाली असे धरा. 24,400 चा एक लॉट विकणाऱ्याचा तोटा 876 अंक, सुमारे 57,000 रुपये. 23,900 चे पंधरा लॉट विकणाऱ्याचा तोटा सुमारे 3 लाख 88 हजार रुपये. मिळकत दोघांची सारखी, शक्यता दुसऱ्याची जास्त, आणि तोटा त्याचाच जवळजवळ सातपट.

प्रत्यक्ष बाजारात दूरच्या पुटला सूत्रापेक्षा जास्त भाव मिळतो, कारण घसरणीची धास्ती भावात धरलेली असते. त्यामुळे पंधराऐवजी कमी लॉट पुरतील. समजा चार अंक भाव मिळाला आणि सहाच लॉट विकले, तरी त्या दिवशीचा तोटा दीड लाखाच्या वर जातो. दिशा बदलत नाही. म्हणून पीओपीनुसार उतरत्या क्रमाने स्ट्रॅटेजी लावून देणारे जे बटण असते, ते आम्हाला सगळ्यात घातक वाटते. ते ग्राहकाला ओळीने खोल पाण्याकडे नेते आणि वर सुरक्षिततेची पाटी लावते.

मागणी पहिली. जिथे जिथे पीओपी दाखवली जाते तिथे तिला लागून, त्याच आकाराच्या अक्षरांत, दोन रकमा रुपयांत दाखवाव्यात: तोटा झालाच तर तो सरासरी किती होईल, आणि निर्देशांक 3, 6 व 10 टक्के विरुद्ध गेला तर या ग्राहकाच्या या लॉटसंख्येवर किती होईल. 'अमर्याद' हा शब्द एकटा ठेवू नये. त्या शब्दावर कुणाला पैसे बाजूला काढून ठेवता येत नाहीत. 3 लाख 88 हजार या आकड्यावर येतात.

मागणी दुसरी. पीओपीनुसार स्ट्रॅटेजी क्रमाने लावण्याची किंवा गाळण्याची सोय बंद करावी. ठेवायचीच असेल तर 6 टक्के विरुद्ध हालचालीतला तोटा भागिले मिळणारा प्रीमियम, हे गुणोत्तर त्याच ओळीत यावे. आमच्या उदाहरणात हे गुणोत्तर पहिल्या विक्रेत्यासाठी 36 आणि दुसऱ्यासाठी सुमारे 250 येते. दोन आकडे शेजारी दिसले की बाकी काही समजावून सांगावे लागत नाही.

घंटेसारखा वक्र आणि खरे आठवडे

वरचे सगळे गणित सूत्राच्या जगातले होते. त्या जगात आमच्या उदाहरणातली 6 टक्क्यांची घसरण तेराशेहून अधिक आठवड्यांत एकदा येते, म्हणजे साधारण सव्वीस वर्षांतून एकदा. फेब्रुवारी 2020 मध्ये निफ्टी 20 तारखेला 12,081 च्या आसपास बंद झाला आणि 28 तारखेला 11,202 च्या आसपास. सात टक्क्यांहून जास्त घसरण, आणि तीही बाजार आधी शांत असताना. पुढच्या महिन्यात 23 मार्चला एकाच दिवसात निर्देशांक 13 टक्के पडला.

कारण उघड आहे. सूत्र रोजच्या हालचालींना घंटेसारख्या वक्रात बसवते आणि त्या वक्राच्या कडा फार लवकर बारीक होतात. खऱ्या बाजारात कडा जाड असतात. मोठी घसरण आली की चढ-उतारही वाढतो आणि घसरणी जोडीने येतात. पीओपीवर याचा परिणाम फार होत नाही. नव्वद टक्क्यांची खरी शक्यता कदाचित 89 निघेल, कदाचित 91. पण तोट्याच्या आकारावर तो परिणाम पूर्णपणे पडतो, कारण आकार ठरतो तो कडेला. त्यामुळे मागच्या दोन-तीन वर्षांचा हिशेब काढून 'बघा, आमची पीओपी बरोबर निघते' असे ब्रोकर म्हणू शकतात, आणि ते खोटेही नसते. चूक जिथे आहे तिथे त्या मोजपट्टीची नजर जातच नाही.

मागणी तिसरी. 23 मार्च 2020 आणि 4 जून 2024 या दोन दिवसांची टक्केवारीतली हालचाल ग्राहकाच्या चालू पोझिशनवर लावून येणारा तोटा ऑर्डरच्या पुष्टीपूर्वी दाखवावा. काल्पनिक संकटांपेक्षा लोकांना आठवणारे दिवस जास्त कळतात. दिवसांची यादी सेबीने ठरवावी आणि ती दरवर्षी तपासावी, म्हणजे ब्रोकरला सोयीचे दिवस निवडता येणार नाहीत.

एक्स्पायरीआधी जे होते ते

4 जून 2024 चा उल्लेख आला आहे, तर तो दिवस नीट सांगायला हवा, कारण पीओपीचा आणखी एक दोष त्यात स्वच्छ दिसतो.

लोकसभेच्या मतमोजणीच्या आदल्या दिवशी, 3 जूनला, मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर निफ्टी 23,263.90 या विक्रमी पातळीवर बंद झाला. त्या आठवड्याची एक्स्पायरी गुरुवारी 6 जूनला होती. समजा, 3 जूनच्या संध्याकाळी कुणाकडे 22,000 चा विकलेला पुट होता, बाजारभावापासून साडेपाच टक्के खाली. 4 जूनला मतांचे कल येत गेले तसा निर्देशांक कोसळत गेला आणि दिवसभरात 21,281.45 पर्यंत उतरला. पुट सातशेहून जास्त अंक 'आत' गेला. दिवसअखेर निर्देशांक 21,884.50 वर होता, एका दिवसात 5.93 टक्के खाली. दुसऱ्या दिवशी तो 22,620 वर परतला आणि 6 जूनला, एक्स्पायरीला, 22,821.40 वर बंद झाला.

म्हणजे तो पुट शून्यावर संपला. पीओपीच्या हिशेबात विक्रेता जिंकला. उरलेला सगळा प्रीमियम त्याचा. प्रत्यक्षात 4 जूनच्या दुपारी ज्याच्या खात्यात शिल्लक नव्हती त्याला मार्जिन कमी पडल्याचा संदेश आला असता, आणि पैसे वेळेत भरले नसते तर ब्रोकरच्या जोखीम विभागाने पोझिशन बाजारभावाने कापून टाकली असती, बहुधा त्या दिवसाच्या सर्वांत वाईट भावाजवळ. तेव्हाच्या 25 च्या लॉटवर केवळ आतल्या मूल्याचाच तोटा 18,000 च्या आसपास जातो. भीतीने फुगलेला प्रीमियम त्याच्यावर. एकाच स्ट्राइकचे, एकाच पीओपीचे दोन विक्रेते: एकाकडे टिकायला पैसे होते, दुसऱ्याकडे नव्हते. एकाला नफा झाला, दुसरा संपला. पीओपीला हा फरक दिसत नाही, कारण ती फक्त शेवटच्या क्षणाचा भाव विचारात घेते.

मधल्या काळात निर्देशांक स्ट्राइकला एकदा तरी शिवण्याची शक्यता, ढोबळ नियमाने, 'आत' संपण्याच्या शक्यतेच्या दुप्पट असते. आमच्या 90 टक्क्यांच्या उदाहरणात एक्स्पायरीला अडचण दहात एकदा, पण वाटेत स्ट्राइक गाठला जाणे पाचात एकदा. मार्जिनवर चालणाऱ्या माणसाला ही दुसरी शक्यता अधिक महत्त्वाची. ती काढायला वेगळे काही लागत नाही. जे आकडे पीओपीला लागतात तेच पुरतात.

'स्टॉप लॉस लावायचा होता' असे यावर हमखास ऐकवले जाते. स्टॉप लॉस उपयोगी आहे आणि आमचे बहुतेक सभासद तो लावतात. पण ऑप्शनसाठी बाजारभावाने सुटणारी एसएल-एम ऑर्डर राष्ट्रीय शेअर बाजाराने 2021 मध्ये बंद केली. मर्यादा घातलेली ऑर्डर भावाने उडी मारली की मागे पडून राहते. 23 मार्च 2020 ला बाजार मोठ्या खड्ड्यानेच उघडला आणि तासाभरातच 10 टक्क्यांचे खालचे सर्किट लागून पंचेचाळीस मिनिटे थांबला. शुक्रवारच्या भावावर लावलेला स्टॉप सोमवारी सकाळी कुठल्या भावाला सुटेल, याची हमी कुणाकडेही नसते.

मागणी चौथी. पीओपीच्या शेजारी 'स्ट्राइक गाठण्याची शक्यता' दाखवावी, आणि निर्देशांक तिथे पोचला तर अंदाजे किती जादा मार्जिन लागेल ते ग्राहकाच्या आजच्या शिल्लकीशी जोडून लिहावे: 'या पातळीला तुमच्या खात्यात इतके रुपये कमी पडतील'. हे वाक्य ऑर्डर देण्यापूर्वी वाचायला मिळावे. आज ते घसरण सुरू झाल्यावर एसएमएसने येते.

गणित आधीच झालेले आहे

एवढे आकडे काढणे किरकोळ ब्रोकरला परवडणार नाही, असा आक्षेप येईल. आम्ही तो गंभीरपणे घेतला आणि तपासून पाहिला. ऑप्शन विकताना जे मार्जिन अडकते ते स्पॅन पद्धतीने ठरते. या पद्धतीत प्रत्येक पोझिशनवर भाव आणि चढ-उतार यांचे सोळा प्रसंग लावून प्रत्येकातला नफा-तोटा काढतात, आणि शेवटचे दोन प्रसंग नेहमीपेक्षा मोठ्या हालचालीचे असतात. म्हणजे 'बाजार इतका पडला तर या माणसाचे किती जाईल' हे गणित क्लिअरिंग कॉर्पोरेशन रोज अनेकदा करते. त्यावरच आमचे पैसे अडकवले जातात. मार्जिन म्हणून एक एकत्र रक्कम आमच्यापर्यंत येते, ते सोळा निकाल येत नाहीत.

सेबीलाही कडेच्या जोखमीची पूर्ण जाणीव आहे. ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर 2 टक्के जादा मार्जिन लावले, ते याच कारणासाठी. त्या निर्णयाला आमचा विरोध नव्हता आणि नाही. पण यंत्रणा स्वतःच्या बचावासाठी जी जोखीम मोजते, ती ज्याच्या पैशावर कोसळणार आहे त्यालाही दाखवायला हवी.

दुसरा आक्षेप असा, की मोठ्या घसरणीतला तोटा गृहीतकांवर अवलंबून असतो, तो छापला तर ग्राहकाची दिशाभूल होईल. वस्तुस्थिती उलट आहे. एक्स्पायरीला निफ्टी 23,500 वर असेल तर 24,400 चा पुट 900 अंकांनी आत असेल. यात चढ-उतार धरावा लागत नाही, वक्र धरावा लागत नाही, ती साधी वजाबाकी आहे. गृहीतकांवर उभी आहे ती पीओपी. चढ-उतार 14 ऐवजी 18 टक्के धरला तर तीच पीओपी 90 वरून 84-85 च्या घरात येते. अंदाज असलेला आकडा दशांशापर्यंत दाखवायचा आणि निश्चित असलेला झाकायचा, याला ग्राहकहित म्हणता येणार नाही.

मागणी पाचवी. पीओपीखाली ती कोणत्या रीतीने, किती टक्के चढ-उतार धरून आणि किती वाजता काढली, हे लिहावे. डेल्टावरून काढली असेल तर 'हा ढोबळ अंदाज आहे' असे स्पष्ट म्हणावे. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने स्पॅनच्या सोळा प्रसंगांतले निकाल ब्रोकरमार्फत ग्राहकाला रुपयांत उपलब्ध करून द्यावेत. ज्याला बघायचे तो बघेल.

खात्याचा उतारा

आमच्या सभांमध्ये सर्वांत जास्त वेळ या विषयावर गेला. अ‍ॅपमधल्या नफा-तोट्याच्या पानावर यशस्वी व्यवहारांची टक्केवारी ठळक दिसते. आमच्या उदाहरणातला विक्रेता दहा आठवडे व्यवहार करतो, नऊ आठवडे 1,560 मिळवतो आणि एकदा 14,300 घालवतो. त्याचे यश 90 टक्के, आणि खाते ढोबळमानाने जिथल्या तिथे, किंबहुना दलालीपुरते खाली. पण वाईट आठवडा जर पंचविसावा निघाला, तर त्याआधी चोवीस हिरव्या ओळी जमतात. त्या ओळी बघून तो लॉट वाढवतो. दोनाचे चार, चाराचे आठ. पंचविसावा आठवडा येतो तेव्हा तो एका लॉटवर येत नाही, आठ लॉटवर येतो, आणि चोवीस आठवड्यांची कमाई त्याला पुरत नाही. शिस्त मोडली म्हणून तो स्वतःला दोष देतो. खरे तर त्याने समोरच्या पुराव्यावर विश्वास ठेवला. तो पुरावा अर्धा होता. ज्याच्या व्यवहारात तोटा क्वचितच यायचा असतो, त्याच्या बाबतीत तोट्याविना गेलेले चोवीस आठवडे जवळजवळ काहीच सिद्ध करत नाहीत.

मागणी सहावी. विक्रीच्या व्यवहारांचा मासिक उतारा वेगळा द्यावा. त्यात सरासरी नफा, सरासरी तोटा, सर्वांत मोठा तोटा आणि तो तोटा किती नफ्याच्या आठवड्यांएवढा होता हे असावे. यशाची टक्केवारी त्यानंतर. ग्राहक लॉट वाढवत असेल तर वाढवलेल्या आकारावर 6 टक्के हालचालीतला तोटा आजवरच्या एकूण कमाईच्या किती पट होईल, हे पुष्टीच्या पानावर यावे.

मागणी सातवी. ब्रोकर, त्यांचे अधिकृत प्रतिनिधी आणि त्यांच्याशी जोडलेले शिकवणी वर्ग यांनी पीओपी किंवा यशाची टक्केवारी जाहिरातीत एकटी वापरू नये. ती आली की सरासरी तोटा आणि सर्वांत मोठा तोटाही त्याच चौकटीत यावा.

या सात मागण्यांपैकी पहिली आणि चौथी तातडीच्या आहेत, कारण त्या ऑर्डर देण्याच्या क्षणाशी निगडित आहेत आणि त्यांना नवे गणित लागत नाही. त्यासाठी सल्लामसलतीचा मसुदा काढावा आणि निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनपासून सुरुवात करावी. हेज घेतलेल्या स्प्रेड आणि आयर्न कॉन्डरना या अटींतून वगळले तरी आमची हरकत नाही. तिथे कमाल तोटा रुपयांत आधीच दिसतो, आणि तिथे पीओपीने कुणाची एवढी दिशाभूल होत नाही.

मागण्यांप्रमाणे पडदा कसा दिसेल याचे तीन नमुने आणि या पत्रातल्या उदाहरणाचे सूत्रांसह गणितपत्रक सोबत जोडले आहे. त्यातले चढ-उतार, स्ट्राइक आणि लॉट बदलून कुणालाही निकाल तपासता येतील. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी वेळ दिल्यास कार्यकारिणीचे प्रतिनिधी ते पत्रक घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालयात येतील आणि मंडळ निवडेल त्या कोणत्याही पोझिशनवर ते चालवून दाखवतील.

आपले,
कार्यकारिणी आणि सर्व सभासदांच्या वतीने